एका कुटुंबाची एक फाईल : आपत्तीच्या प्रसंगी कागदपत्रे हाताशी असावीत म्हणून

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पैनगंगेच्या काठी माहूर तालुका वसला आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता यांच्या दर्शनासाठी येथे वर्षभर यात्रेकरूंची वर्दळ असते. परंतु तालुक्याची बहुसंख्य वस्ती डोंगरांच्या कुशीतील लहान गावांत, तांड्यांत आणि पाड्यांवर विखुरलेली आहे. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने गंभीर रुग्णाला नांदेडला हलवावे लागले, तर घरी विसरलेला एक कागद आणण्यासाठी संपूर्ण दिवस खर्ची पडतो. कापसाची वेचणी संपल्यावर मजुरीसाठी परगावी जाणारी कुटुंबेही या भागात आहेत. अशा घरात कागदपत्रे कोठे आहेत हे ठाऊक असणारी व्यक्ती नेमकी संकटाच्या वेळी घरी नसण्याचा संभव मोठा असतो.

घरोघरी कागद असतात, पण ते एका जागी नसतात. सातबारा उतारा लोखंडी पेटीत, पासबुक देवघराच्या फळीवर, मुलांचे दाखले शाळेच्या दप्तरात आणि विम्याची पावती खुंटीवरच्या पिशवीत, अशी त्यांची विभागणी झालेली असते. त्यांचा मेळ घरातील कर्त्या पुरुषाच्या स्मरणात असतो. तो अंथरुणाला खिळला किंवा निधन पावला म्हणजे कागद घरात असूनही हरवल्यासारखेच होतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एक फाईल कशी तयार करावी, तिच्यात काय ठेवावे आणि ऐनवेळी ती कशी वापरावी, याचा येथे विचार केला आहे.

किल्लारीच्या भूकंपातून दिसलेली गोष्ट

मराठवाड्याने या प्रश्नाचे अत्यंत दाहक रूप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पाहिले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळली व सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या ढिगाऱ्याखाली माणसे गाडली गेली, त्याच ढिगाऱ्याखाली पेट्या आणि त्यांतील कागदही गेले.

पुनर्वसनात अतिशय हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. या गावांत कुटुंबाला मिळावयाच्या घराचे क्षेत्रफळ त्याच्या जमीनधारणेवर ठरविण्यात आले होते. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टरांच्या खातेदारांना ४०० चौरस फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर, अशी ती विभागणी होती. म्हणजे घर पडले आणि कागद गाडला गेला, तरी कुटुंबाला काय मिळणार हे गावच्या महसुली नोंदीवरून ठरत होते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, घरातील उताऱ्याची प्रत नष्ट झाल्याने हक्क नष्ट होत नाही, कारण मूळ नोंद सरकारी दप्तरी असते. मात्र ती नोंद अद्ययावत नसेल, जमीन वीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आजोबांच्याच नावावर असेल आणि चार भावांची वाटणी केवळ तोंडी झालेली असेल, तर घरात प्रत सुरक्षित असूनही उपयोग होत नाही. म्हणून फाईल तयार करणे म्हणजे कागद गोळा करणे एवढेच नसून, त्या कागदांतील नोंदी आजच्या वस्तुस्थितीशी जुळतात की नाही हे तपासणेही होय. दुसरी गोष्ट अशी की, भूकंपात शेजाऱ्याचे घरही पडते आणि पुरात संपूर्ण वस्ती पाण्याखाली जाते. त्यामुळे कागदांची दुसरी प्रत त्याच गावातील भावाच्या घरी ठेवल्यास ती सुरक्षित राहीलच असे नाही. ती दुसऱ्या गावी असावयास हवी.

कागदांचे दोन प्रकार

फाईल तयार करण्यापूर्वी कागदांची एक साधी विभागणी करावी. काही कागदांचे मूळ कार्यालयात असते व घरी असते ती त्याची प्रत. काही कागदांचे मूळ घरातच असते व ते गेले की पुन्हा मिळणे दुरापास्त होते. या दोहोंची काळजी निरनिराळ्या प्रकारे घ्यावी लागते.

पहिल्या प्रकारात सातबारा व आठ-अ उतारे, फेरफार, आधार, शिधापत्रिका, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला आणि नोंदणीकृत खरेदीखत हे कागद येतात. सातबारा हरवल्यास डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा महाभूलेखवरून पंधरा रुपयांत मिळतो. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात असते व तेथून त्याची प्रत अथवा सूची क्रमांक दोनचा उतारा मिळू शकतो. शाळेचा दाखला गहाळ झाल्यास शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतून पुन्हा उतारा देता येतो. या सर्वांसाठी हाताशी लागतो तो क्रमांक. गट क्रमांक, खाते क्रमांक, दस्ताचा क्रमांक व वर्ष, शाळेच्या नोंदवहीतील अनुक्रमांक आणि शिधापत्रिकेचा क्रमांक माहीत असल्यास नवी प्रत काढणे सुलभ होते. क्रमांक ठाऊक नसल्यास लिपिकाला वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. म्हणून या प्रकारात कागदापेक्षाही त्याच्या क्रमांकाची नोंद अधिक मोलाची ठरते.

दुसऱ्या प्रकारात मृत्युपत्र, मुदत ठेवीच्या पावत्या, विमापत्र, कर्जफेडीच्या पावत्या, सावकाराने दिलेली पोच, वाटणीचे जुने लेख आणि पूर्वजांचे जुने दाखले येतात. माहूर व किनवट परिसरात यांपैकी शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. हा भाग हैदराबाद संस्थानात होता व १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या काळचे अनेक महसुली आणि शाळांचे कागद उर्दूत आहेत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांच्या नावाचा एखादा जीर्ण उर्दू कागद नातवाच्या शिक्षणप्रवेशाचा आधार ठरू शकतो. घरातील मंडळींना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून अशा कागदाची गणना रद्दीत होण्याचा धोका असतो. न वाचता येणारा कागद टाकून न देता तो कशाचा आहे हे जाणकाराकडून समजावून घ्यावे आणि त्याचे मराठी भाषांतर मूळ कागदासोबतच ठेवावे.

फाईलची रचना

फाईलसाठी बाजारात मिळणारी जाड पुठ्ठ्याची, दोरीने बांधावयाची पेटीफाईल पुरेशी असते. आत पारदर्शक प्लॅस्टिकचे कप्पे असावेत. जुन्या कागदांना छिद्र पाडू नये, टाचणी लावू नये व चिकटपट्टीही लावू नये, कारण टाचणीचा गंज आणि चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत अक्षरेच खाऊन टाकतात. जुन्या मूळ कागदावर प्लॅस्टिकचे आवरण कायमचे चिकटवून घेण्याची पद्धतही टाळावी. असे आवरण नंतर काढता येत नाही आणि कागदाची पाठ, शिक्का व शाई तपासून पाहणे अशक्य होते. कागद कप्प्यात सुटा ठेवला की त्याचे रक्षण होते आणि गरज पडल्यास तो बाहेरही काढता येतो.

पहिल्या पानावर कुटुंबाची सूची असावी. तिच्यात पाच रकाने करावेत : कागदाचे नाव, त्यावरील क्रमांक, तो कोणाच्या नावावर आहे, त्याचे मूळ कोठे आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते. सूची शाईने आणि ठळक अक्षरांत लिहावी. घरातील जी व्यक्ती जेमतेम वाचू शकते, तिला ती वाचता आली पाहिजे, ही या सूचीची कसोटी होय.

सूचीनंतर फाईलचे चार भाग करावेत. पहिला भाग दवाखान्याचा. त्यात शिधापत्रिकेची प्रत, प्रत्येक सदस्याच्या आधारची प्रत, रक्तगट आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखालील उपचारांसाठी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र प्रथम शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र मागतो. रात्री रुग्णवाहिका दारात उभी असताना संपूर्ण फाईल उपसण्याची वेळ येऊ नये, म्हणून हा भाग सुटा काढून नेता येईल अशा वेगळ्या पाकिटात असावा.

दुसरा भाग जमीन व घराचा. त्यात सातबारा, आठ-अ, शेवटचा फेरफार, खरेदीखत, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, वीजदेयक आणि पीककर्जाचे कागद येतात. तिसरा भाग पैशांचा. पासबुके, ठेवपावत्या, विमापत्रे आणि देण्याघेण्याची यादी त्यात असावी. चौथा भाग व्यक्तींचा. जन्मदाखले, शाळेचे दाखले, जातीचे प्रमाणपत्र, विवाहनोंदणी आणि पूर्वजांचे जुने कागद त्यात ठेवावेत. पाचव्या भागाची गरज क्वचितच पडते. भाग जितके वाढतील, तितका शोधही वाढतो.

एक गोष्ट या फाईलमध्ये कदापि ठेवू नये. बँकेच्या कार्डाचा गुप्त क्रमांक, मोबाईलवरून व्यवहार करण्याचे संकेतांक किंवा सही केलेला कोरा धनादेश यांपैकी काहीही तिच्यात नसावे. फाईल अनेकांच्या हाती जाणार आहे, हे गृहीत धरूनच ती तयार करावयाची असते.

पासबुकातील दोन छोट्या नोंदी

तिसऱ्या भागातील एका बारकाव्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. अनेक ग्रामीण खातेदारांनी बँकेत केव्हातरी एका अर्जावर सही केलेली असते आणि मेअखेरीस त्यांच्या खात्यातून दरवर्षी दोन छोट्या रकमा वळत्या होतात. त्यांपैकी २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे असतात. या योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. दुसरी रक्कम ४३६ रुपयांची असते. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची असून १८ ते ५० वर्षे वयात सहभागी झालेल्यांना वयाच्या ५५व्या वर्षापर्यंत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजले जाते.

या विम्याचे सुबक विमापत्र बहुधा घरात नसते. कुटुंबाच्या हाती असलेला पुरावा म्हणजे पासबुकातील त्या वजावटीची ओळ. पासबुक दोन वर्षे भरून घेतलेले नसेल, तर ती ओळ छापलेलीच नसते आणि मृताच्या वारसांना आपला विमा होता हे समजतही नाही. यासाठी दरवर्षी जूनमध्ये पासबुक भरून घ्यावे, या दोन नोंदींखाली रेघ ओढावी आणि त्यांचा उल्लेख सूचीत करावा. खात्यात मेअखेरीस पुरेशी रक्कम नसल्यास हप्ता वळता होत नाही व संरक्षण खंडित होते. ओळ छापलेली नाही, हीच त्याची खूण होय.

खात्याला वारसदाराचे नामनिर्देशन केलेले आहे की नाही, हेही याच वेळी पाहावे. मात्र बँकेतील रक्कम नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती दिली जाते, याचा अर्थ ती एकटी त्या रकमेची मालक झाली असा नव्हे. कायदेशीर वारसांचा हक्क कायमच राहतो. नामनिर्देशनामुळे पैसे लवकर हाती येतात. वाटणीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तीस दिवसांचा हिशेब

फाईलचा प्रत्यक्ष उपयोग समजण्यासाठी नमुन्यादाखल एक प्रसंग तपशिलाने पाहू. माहूर तालुक्यातील एका ४८ वर्षांच्या खातेदार शेतकऱ्याला १२ ऑगस्टच्या रात्री शेतात सर्पदंश झाला. त्याला ग्रामीण रुग्णालयात नेण्यात आले व तेथून नांदेडला हलविण्यात आले. १४ ऑगस्टला त्याचे नांदेड येथे निधन झाले. मागे पत्नी, वृद्ध आई आणि दोन मुले आहेत.

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली अशा मृत्यूसाठी वारसांना दोन लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वर्षे वयोगटातील खातेदार शेतकऱ्यांसाठी, तसेच कुटुंबातील खातेदार नसलेल्या एका सदस्यासाठी ही योजना आहे. तिचा परिपूर्ण प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. अपघाताच्या तारखेपासून मोजल्यास ही मुदत ११ सप्टेंबरला संपते. ज्या कुटुंबांत तेरा दिवस पाळले जातात, त्यांचे २६ ऑगस्टपर्यंतचे दिवस त्यातच जातात. उरतात ते सोळा दिवस. कागद शोधण्यातच त्यांपैकी आठ गेले, तर शेष आठवड्यात चार कार्यालयांची कामे पुरी करणे कठीण होते.

प्रस्तावासाठी लागणारे कागद दोन गटांत पडतात. सातबारा, मृताचे आधार, वयाचा पुरावा, शिधापत्रिका आणि पत्नीचे पासबुक हे पाच कागद आधीपासून घरात असावयास हवेत. फाईल असल्यास ते पहिल्याच दिवशी हाती येतात. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा पंचनामा अथवा पोलीस पाटलांचा अहवाल आणि गाव नमुना ६-क प्रमाणे वारसांची नोंद हे चार कागद घटनेनंतर निर्माण होतात. फाईलचे खरे काम असे की पहिले पाच शोधण्यात दिवस न जाता सगळा वेळ या चारांसाठी मिळावा.

या चारांपैकी प्रत्येक ठिकाणी एक ठरावीक चूक होण्याचा संभव असतो. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते, मृताच्या गावी नव्हे. वरील प्रसंगात दाखला नांदेड येथून मिळेल. गावच्या ग्रामपंचायतीत त्यासाठी फेऱ्या मारणे व्यर्थ ठरेल. मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालय देते आणि घरी झालेल्या मृत्यूची कुटुंबप्रमुखाने द्यावी लागते. घरच्या मृत्यूची नोंद राहून गेली व वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखेरीज ती होत नाही.

शवविच्छेदनाला भावनेपोटी नकार देणारी कुटुंबे आढळतात. परंतु मृत्यू सर्पदंशानेच झाला, हे सांगणारा प्रमुख पुरावा तोच असतो. त्याचप्रमाणे ग्रामीण रुग्णालयातील पहिल्या नोंदीचा कागद, ज्यावर दाखल झाल्याची वेळ आणि सर्पदंशाचा उल्लेख असतो, तो जपून ठेवावा. सुरक्षा विमा योजनेतही सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांमध्ये तत्काळ झालेली रुग्णालयाची नोंद पुरावा म्हणून पाहिली जाते. रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेऊन वेळ दवडला, तर जीव वाचण्याची संधी कमी होतेच, शिवाय घटनेची लेखी नोंदही उशिरा होते किंवा होतच नाही.

वारसनोंदीसाठी तलाठ्यांकडे (ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे) लेखी अर्ज करून पोच घ्यावी. ६-क च्या नोंदीत सर्व वारसांची नावे यावयास हवीत. विवाहित मुलींची नावे वगळण्याची प्रवृत्ती पुढे वादाला कारण होते. या नोंदीवरून पुढे जमिनीचा फेरफार होतो. त्यासाठी हितसंबंधितांना नोटीस दिली जाते व हरकतींसाठी १५ दिवस ठेवलेले असतात. अनुदानाचा प्रस्ताव व जमिनीचा फेरफार या दोन निराळ्या बाबी आहेत, पण दोहोंची सुरुवात एकाच अर्जाने होते, म्हणून तो अर्ज तेराव्याची वाट न पाहता करणे हिताचे ठरते. घरातील माणसांना तेव्हा बाहेर पडणे शक्य नसेल, तर पुतण्या, भाचा किंवा जावई यांपैकी कोणी फाईल घेऊन हे काम करू शकतो. सूची वाचून काम चालविता यावे, अशी फाईल असली पाहिजे, असे वर म्हटले आहे ते यासाठीच.

एकच माणूस, तीन नावे

कागद हाती असूनही प्रस्ताव परत येतो, त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे नावांतील तफावत. सातबाऱ्यावर बापूराव, आधारवर बापू आणि पासबुकात बाबूराव असे एकाच माणसाचे लेखन आढळते. जन्मतारखेचेही तसेच. शाळेच्या नोंदीत एक तारीख आणि आधारवर केवळ १ जानेवारी अशी नोंद असते. वरील प्रसंगात आणखी एक शक्यता आहे. रुग्णाला दाखल करताना घाबरलेल्या पुतण्याने घरात हाक मारावयाचे नावच सांगितले, तर तेच केसपेपरवर, तेथून मृत्यूच्या नोंदीत आणि मग दाखल्यावर उतरते. पहिल्या भागातील पाकीट दवाखान्यात नेलेले असल्यास नाव आधारवरून लिहिले जाते आणि ही चूक मुळातच टळते.

तफावत शोधण्याची रीत सोपी आहे. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक सदस्याचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख हे सातबारा, आधार, पासबुक, शिधापत्रिका व शाळेचा दाखला या पाचांवरून एकाखाली एक उतरवून घ्यावे. फरक तत्काळ नजरेस येतो. कोणती नोंद बदलावयाची, हे ठरविताना जुन्या व मूळ नोंदीला, म्हणजे बहुधा शाळेच्या नोंदवहीतील नावाला, प्रमाण मानून इतर कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. महसुली अभिलेखातील लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त करता येतो. नावच बदलावयाचे असल्यास राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. व्यक्ती हयात असताना तिच्या सहीने ही कामे होतात. तिच्या पश्चात वारसांना दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र व इतर पुरावे द्यावे लागतात, आणि ते स्वीकारावयाचे की नाही हे त्या त्या कार्यालयावर अवलंबून असते.

फाईल कोठे ठेवावी

मूळ फाईल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवावी. पेटी जमिनीला टेकलेली नसावी. वाळवी आणि ओल दोन्ही जमिनीकडूनच येतात. नदीकाठच्या व ओढ्याकाठच्या वस्त्यांत पावसाळ्याचे चार महिने ती उंचावर असावी आणि घर सोडण्याची वेळ आल्यास फाईल कोणी उचलावयाची, हे घरात आधीच ठरलेले असावे.

सर्व कागदांच्या छायाप्रती आणि सूचीची एक प्रत दुसऱ्या गावी, विवाहित मुलीच्या अथवा बहिणीच्या घरी ठेवावी. डिजिलॉकरमधून प्राप्त केलेले कागद कायद्याने मुळाच्या बरोबरीचे मानले जातात. त्यामुळे घरातील शिकलेल्या मुलाने ते खाते काढून ठेवल्यास आणखी एक आधार तयार होतो. मात्र केवळ मोबाईलने काढलेले कागदाचे छायाचित्र म्हणजे डिजिलॉकरमधील कागद नव्हे. त्यावरून क्रमांक वाचता येतो, तेवढाच त्याचा उपयोग.

फाईलमधून एखादा मूळ कागद बाहेर गेला, तर त्या जागी एक चिठ्ठी ठेवावी. कोणता कागद, कोणाकडे, कोणत्या तारखेला आणि कशासाठी दिला, एवढे तिच्यावर लिहावे. कार्यालयात शक्यतो साक्षांकित प्रतच द्यावी व मूळ कागद दाखवून परत आणावा. जमीन वा दागिने यांच्या संदर्भातील मूळ कागद खाजगी कर्जापोटी कोणाकडे ठेवला असल्यास त्याची नोंद सूचीत असलीच पाहिजे. वारसांना अंधारात ठेवणारी हीच बाब पुढे सर्वांत महाग पडते.

वर्षातून एकदा फाईल उघडून पाहावी. जूनमध्ये शाळेच्या प्रवेशासाठी दाखले बाहेर निघतात आणि विम्याच्या वजावटीही तेव्हाच पासबुकात उमटतात, म्हणून तो महिना सोयीचा. त्या दिवशी मुदत संपलेले दाखले बाजूला काढावेत, नवजात बालकाचे व नववधूचे कागद आत घालावेत आणि शिधापत्रिकेतील नावे तपासावीत. शेवटी एक कसोटी घ्यावी. ज्या व्यक्तीने फाईल लावलेली नाही, तिला सूची हाती देऊन एखादा कागद शोधण्यास सांगावे. पाच मिनिटांत तो हाती आला तर रचना योग्य आहे. न आल्यास, जेथे ती व्यक्ती अडली तेथील सूची त्याच दिवशी दुरुस्त करावी.

माहूरसारख्या तालुक्यात या कामी ग्रामपंचायत आणि शाळा यांचे साहाय्य सहज होण्यासारखे आहे. ग्रामसभेच्या दिवशी तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापक एकत्र बसल्यास सातबाऱ्यावरील मृत खातेदारांची नावे, शाळेच्या नोंदवहीतील नावे आणि घराच्या उताऱ्यावरील नावे एकाच बैठकीत ताडून पाहता येतात. ज्या घरात मृत व्यक्तीचे नाव अद्याप सातबाऱ्यावर आहे, त्या घराचा वारसनोंदीचा अर्ज तेथेच लिहून घेता येतो. वारसाहक्काने जमीन मिळाल्याची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांना द्यावी, असे जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४९ सांगते. ती मुदत टळून गेलेली असली, तरी राहिलेली नोंद करून घेणे शक्य असते. पुढील पिढीला तीच नोंद करून घेताना दुप्पट वारस आणि दुप्पट सह्या गोळा कराव्या लागतात.